संवाक्याची युक्तता : वर्तुळाकृती आणि पदव्याप्तीचे नियम

मागील घटकात आपण निरुपाधिक विधानांचे चार प्रकार आणि त्यांतील उद्देश्य व विधेय पदे यांचा परिचय करून घेतला. दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष मिळून संवाक्य बनते, निष्कर्षाचे उद्देश्य ते पक्षपद, विधेय ते साध्यपद आणि दोन्ही आधारविधानांत येऊन निष्कर्षात न येणारे ते मध्यपद, हेही आपण पाहिले. संवाक्य युक्त आहे की अयुक्त हे कसे ठरवावे, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे. त्यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. एक वर्तुळाकृतींची, दुसरी पदव्याप्तीच्या नियमांची. बहुतेक ठिकाणी त्यांचे निर्णय जुळतात. जिथे जुळत नाहीत, ते ठिकाण विशेष अभ्यासण्यासारखे आहे.

एका उदाहरणापासून आरंभ करू.

सर्व नाग विषारी आहेत.
कोणतीही मण्यार नाग नाही.
म्हणून कोणतीही मण्यार विषारी नाही.

दोन्ही आधारविधाने सत्य आहेत, परंतु निष्कर्ष असत्य आहे. मण्यार अत्यंत विषारी असून ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते, आणि दंशाची वेदना इतकी अल्प असू शकते की माणसाला जागही येत नाही. अशा वेळी ‘हा काही नाग नव्हे’ एवढ्यावर विसंबून स्वस्थ बसणारा मनुष्य नेमके वरील संवाक्यच मनात मांडत असतो. त्याला सर्पांविषयीची माहिती कमी असेल, पण त्याच्या हाती असलेली दोन विधाने खोटी नाहीत. दोष त्यांच्या जुळणीत आहे, आणि तो दाखवून देणे हे तर्कशास्त्राचे काम आहे.

वर्तुळाकृतीने परीक्षण

वर्ग दाखवण्यासाठी वर्तुळांचा उपयोग अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने केला होता. आज आपण वापरतो ती पद्धत मात्र इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880 मध्ये मांडली. तीन वर्तुळे अशी काढावीत की प्रत्येक वर्तुळ उरलेल्या दोहोंना छेदेल. वर डावीकडे पक्षपदाचे, वर उजवीकडे साध्यपदाचे व खाली मध्यपदाचे वर्तुळ ठेवावे. वाचता वाचता आकृती कागदावर काढत जावे, केवळ डोळ्यांसमोर आणून भागत नाही.

या आकृतीत तीनच खुणा आहेत. एखादा भाग रेखांकित केला, म्हणजे आडव्या-तिरप्या रेघांनी भरला, की त्या भागात कोणीही नाही असा त्याचा अर्थ होतो. फुली मारली की तिथे किमान एक तरी घटक आहे. कोरा भाग म्हणजे त्याविषयी आपल्याला काहीही सांगितलेले नाही. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो या तिसऱ्या खुणेत. रेखांकन पाहिले की भाग ‘भरला’ असे वाटते आणि कोरा भाग ‘रिकामा’ वाटतो. प्रत्यक्षात रेखांकित भाग रिक्त असतो आणि कोरा भाग अज्ञात असतो.

आकृतीत फक्त आधारविधाने दाखवायची, निष्कर्ष कधीही काढून दाखवायचा नाही. आधारविधाने दाखवल्यावर निष्कर्ष आपोआप दिसत असेल तर संवाक्य युक्त, अन्यथा अयुक्त.

आता आपले उदाहरण घ्या. डावे वर्तुळ मण्यारींचे, उजवे विषारी सापांचे, खालचे नागांचे. ‘सर्व नाग विषारी आहेत’ याचा अर्थ विषारी नसलेला नाग कोणी नाही, म्हणून नागांच्या वर्तुळाचा जो भाग विषारी सापांच्या वर्तुळाबाहेर उरतो तो संपूर्ण रेखांकित करावा. ‘कोणतीही मण्यार नाग नाही’ यासाठी मण्यार आणि नाग यांच्या वर्तुळांचा सामाईक भाग रेखांकित करावा. आता निष्कर्ष वाचू. ‘कोणतीही मण्यार विषारी नाही’ हे आकृतीत दिसायचे तर मण्यार आणि विषारी साप यांचा सामाईक भाग पूर्ण रेखांकित झालेला असायला हवा. त्या भागाचे खालच्या वर्तुळामुळे दोन तुकडे झाले आहेत. नागांच्या वर्तुळातला तुकडा रेखांकित आहे, बाहेरचा तुकडा कोराच आहे. निष्कर्ष आकृतीत दिसत नाही, म्हणून संवाक्य अयुक्त आहे. तो कोरा तुकडा कोणाचा, तर नाग नसलेल्या पण विषारी असलेल्या मण्यारींचा. सर्व मण्यारी खरोखर तिथेच आहेत.

पदव्याप्तीच्या नियमाने परीक्षण

एखाद्या विधानात पदाने निर्देशित केलेल्या वर्गातील प्रत्येक घटकाविषयी काही सांगितलेले असेल, तर ते पद त्या विधानात व्याप्त असते, अन्यथा ते अव्याप्त असते. ‘सर्व नाग विषारी आहेत’ यात प्रत्येक नागाविषयी सांगितले आहे, म्हणून ‘नाग’ व्याप्त. विषारी सापांपैकी प्रत्येकाविषयी मात्र काही सांगितलेले नाही, म्हणून ‘विषारी’ अव्याप्त. ‘कोणतीही मण्यार नाग नाही’ यात दोन्ही वर्ग परस्परांपासून पूर्णपणे वेगळे केले आहेत, म्हणून दोन्ही पदे व्याप्त. ‘काही’ने आरंभ होणाऱ्या होकारार्थी विधानात दोन्ही अव्याप्त, नकारार्थी विधानात केवळ विधेय व्याप्त. थोडक्यात, सर्वव्यापी विधानाचे उद्देश्य व्याप्त असते आणि नकारार्थी विधानाचे विधेय व्याप्त असते. एवढे ध्यानात राहिले तर कोष्टक पाठ करण्याची गरज नाही.

व्याप्तीचे नियम दोन. मध्यपद किमान एका आधारविधानात व्याप्त असले पाहिजे, आणि निष्कर्षात व्याप्त असलेले पद आपल्या आधारविधानातही व्याप्त असले पाहिजे. आपल्या उदाहरणात ‘नाग’ हे मध्यपद दोन्हीकडे व्याप्त आहे, त्यामुळे पहिला नियम पाळला गेला. पण निष्कर्षात ‘विषारी’ हे साध्यपद व्याप्त आहे आणि आधारविधानात ते अव्याप्त होते. काही विषारी सापांची माहिती घेऊन सर्व विषारी सापांविषयी बोलण्याचा हा प्रकार आहे. याला अवैध साध्यपदाचा दोष म्हणतात. वर्तुळाकृतीने संवाक्य अयुक्त आहे हे दाखवले. का अयुक्त आहे ते या नियमाने सांगितले.

याच्या शेजारी हे संवाक्य ठेवून पाहा :

सर्व घोणशी पिले घालणारे साप आहेत.
कोणताही नाग पिले घालणारा साप नाही.
म्हणून कोणताही नाग घोणस नाही.

इथेही एक होकारार्थी व एक नकारार्थी आधारविधान आणि नकारार्थी निष्कर्ष आहे. तथापि साध्यपद ‘घोणस’ हे पहिल्या आधारविधानाचे उद्देश्य असल्यामुळे तिथेच व्याप्त आहे. आकृतीत पहिल्या विधानाने घोणशींच्या वर्तुळाचा मध्यपदाबाहेरील भाग रिक्त होतो, दुसऱ्याने नाग आणि मध्यपद यांचा सामाईक भाग रिक्त होतो, आणि नाग व घोणस यांच्या सामाईक भागाचे दोन्ही तुकडे रेखांकित झालेले दिसतात. संवाक्य युक्त आहे. (नाग अंडी घालतो आणि घोणस पिलांना जन्म देते, ही माहिती आधारविधानांच्या सत्यतेसाठी लागते. युक्ततेच्या परीक्षणाशी तिचा संबंध नाही.)

‘काही’ आणि रेषेवरची फुली

आता निष्कर्ष सत्य असलेले, पण अयुक्त संवाक्य पाहू. ‘काही साप विषारी आहेत; सर्व मण्यारी साप आहेत; म्हणून काही मण्यारी विषारी आहेत.’ मध्यपद ‘साप’. अशा वेळी सर्वव्यापी विधान आधी दाखवावे, मग फुली मारावी. क्रम उलटा झाला तर फुली चुकीच्या जागी पडू शकते. मण्यारींच्या वर्तुळाचा सापांबाहेरील भाग रेखांकित करा. आता फुली ‘साप’ आणि ‘विषारी’ यांच्या सामाईक भागात मारायची आहे. त्या भागातून मण्यारींच्या वर्तुळाची रेषा जाते आणि तिच्या दोन्ही बाजू कोऱ्या आहेत. फुली कोणत्या बाजूला, हे आधारविधाने सांगत नाहीत. म्हणून ती रेषेवरच मारावी. रेषेवरची फुली मण्यारींच्या वर्तुळात आहे असे म्हणता येत नाही, त्यामुळे निष्कर्ष सिद्ध होत नाही. नियमानुसार पाहिले तर ‘साप’ हे पद दोन्ही आधारविधानांत अव्याप्त आहे. खात्री करायची असल्यास ‘मण्यार’च्या जागी ‘धामण’ घाला. रचना तीच राहते, आधारविधाने सत्यच राहतात आणि निष्कर्ष मात्र खोटा ठरतो, कारण धामण बिनविषारी आहे.

जिथे व्याप्तीचे नियम पुरत नाहीत

‘कोणतीही धामण विषारी नाही, कोणताही नाग धामण नाही, म्हणून कोणताही नाग विषारी नाही.’ यातील सर्व पदे व्याप्त आहेत, त्यामुळे व्याप्तीचे दोन्ही नियम पाळले जातात. तरीही नाग आणि विषारी साप यांच्या सामाईक भागाचा धामणींबाहेरील तुकडा कोराच राहतो. म्हणून दोन्ही आधारविधाने नकारार्थी नसावीत, तसेच एक आधारविधान नकारार्थी असेल तरच आणि तेव्हा निष्कर्ष नकारार्थी असावा, हे गुणविषयक नियम व्याप्तीच्या नियमांना जोडावे लागतात.

याहून सूक्ष्म प्रश्न पुढील संवाक्यात आहे. ‘सर्व इच्छाधारी नाग रूप बदलणारे आहेत, सर्व इच्छाधारी नाग साप आहेत, म्हणून काही साप रूप बदलणारे आहेत.’ मध्यपद दोनदा व्याप्त आहे, निष्कर्षात कोणतेही पद व्याप्त नाही आणि सर्व विधाने होकारार्थी आहेत. पारंपरिक तर्कशास्त्राने या आकाराला ‘दराप्ती’ असे नाव देऊन तो युक्त मानला. वेनच्या आकृतीत मात्र दोन्ही आधारविधाने केवळ रेखांकन करतात, फुली कुठेच पडत नाही. निष्कर्षाला तर फुली हवी. चित्रपटांतून परिचित असलेला हा इच्छाधारी नाग प्रत्यक्षात नसतो, म्हणून त्याचा वर्ग रिक्त आहे, आणि रिक्त वर्गाविषयीच्या ‘सर्व’ विधानातून कोणाचेही अस्तित्व सिद्ध होत नाही. जुन्या पद्धतीत वर्ग रिक्त नसतो हे गृहीतच धरलेले होते. ते गृहीत शब्दांत मांडून मध्यपदाच्या वर्तुळात, रेखांकनानंतर उरलेल्या एकमेव कोऱ्या भागात, फुली मारली तर दराप्ती युक्त ठरते. ते गृहीत नाकारले तर नियमांत आणखी एका नियमाची भर घालावी लागते : दोन्ही आधारविधाने सर्वव्यापी असताना निष्कर्ष अंशव्यापी असू नये. परीक्षेत उत्तर लिहिताना आपण कोणता पक्ष स्वीकारला आहे, हे एका वाक्यात नमूद करावे.

स्वयंअध्ययनासाठी

‘कोणतीही धामण विषारी नाही, शेतात आढळणारे काही साप धामणी आहेत, म्हणून शेतात आढळणारे काही साप विषारी नाहीत.’ याचे दोन्ही पद्धतींनी परीक्षण करा. दुसरे विधान आधी दाखवले तर फुली कुठे पडते आणि पहिल्या विधानाचे रेखांकन झाल्यावर ती कुठे सरकते, तेही लिहा. (उत्तर : युक्त. फुली प्रथम विषारी सापांच्या वर्तुळाच्या रेषेवर पडते आणि रेखांकनानंतर त्या वर्तुळाबाहेर सरकते. मध्यपद ‘धामण’ पहिल्या विधानात व्याप्त आहे आणि निष्कर्षात व्याप्त असलेले ‘विषारी’ हे पदही तिथेच व्याप्त आहे.)