कानशिलातला ठणका आणि अक्कलदाढ

माझा भाचा हुबळीच्या विद्यानगरात खोली घेऊन इंजिनिअरिंगला होता. परीक्षेच्या तोंडावर त्याचं उजवं कानशील आणि कान ठणकू लागले. चष्म्याचा नंबर तपासून झाला, अर्धशिशीच्या गोळ्याही झाल्या. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं आणि त्याला आ करायला लावला, तर दोन बोटंही आत जाईनात. मग आम्ही धारवाड रस्त्यावरच्या सत्तूरला, एसडीएमच्या दंत रुग्णालयात गेलो.

१. दुखतं तिथेच बिघाड असतो असं नाही. दात, हिरड्या, जबडा आणि कानशील यांची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्या मेंदूकडे नेतात. त्यामुळे खालच्या दाढेची कळ कानात किंवा कानशिलात जाणवते. दाताची कळ सहसा त्याच बाजूला राहते, हे मात्र लक्षात ठेवावं.

२. दंतवैद्य आधी विचारतात आणि मग शोधतात. गार पाण्याची कळ लगेच थांबते की रेंगाळते? रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढतो का? रेंगाळणारी कळ दाताच्या आतल्या नसेकडे बोट दाखवते आणि तिथे बहुधा रूट कॅनल लागतं. दात ठोकल्यावर दुखला तर मुळाशी सूज असते. वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील आणि वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर सायनसचा संशय घ्यावा. तरीही खात्री होईना, तर संशयित दाताला भूल देतात. कानशिलातली कळ तेवढ्यापुरती गेली, तर मूळ बहुधा तिथेच असतं.

३. भाच्याची खालची अक्कलदाढ अर्धीच वर आली होती. तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून पू झाला होता, आणि वरची दाढ चावताना त्याच पदरावर आपटत होती. डॉक्टरांनी पिचकारीने मिठाचं कोमट पाणी पदराखाली सोडून सगळी घाण धुऊन काढली. घरी दिवसातून काही वेळा कोमट मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. ताप नव्हता आणि सूज पसरलेली नव्हती, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. हे मला फार पटलं. कारण घाण तशीच राहिली, तर नुसत्या गोळ्यांनी दुखणं दबतं आणि पुन्हा उसळतं.

४. दाढ त्याच दिवशी काढली नाही. सूज उतरून तोंड उघडू लागल्यावर जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या किती जवळ आहे, हे त्यात पाहतात. ती फार जवळ असेल, तर दाढ काढल्यावर ओठ आणि हनुवटी बधिर राहण्याचा धोका असतो. त्याची नस दूर होती. दाढ काढल्यावर कानशिलाचा ठणका परतला नाही.

५. थुंकी गिळता येईना, जिभेखाली किंवा जबड्याखाली सूज घट्ट झाली, ताप चढला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर दवाखान्याची वेळ पाहत बसू नये. तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. विद्यानगरातल्या माणसाला किम्स हाकेच्या अंतरावर आहे.