लीप वर्षात व्याजाचे आठ रुपये गेले कुठे?

प्रश्न : मुदत ठेवीच्या तारणावर मी ५ लाखांचं कर्ज घेतलं आहे. व्याजदर ७.३ टक्के. दर महिनाअखेरीस व्याज नावे पडतं आणि मी ते त्याच दिवशी भरतो, त्यामुळे मुद्दल कायम ५ लाखच राहतं. जुने खातेउतारे लावून ठेवताना गंमत दिसली. फेब्रुवारी २०२३ चं व्याज २,८०० रुपये आणि फेब्रुवारी २०२४ चं २,८९२. एक दिवस जास्त, हे कळलं. पण मार्च तर दोन्ही वर्षी ३१ दिवसांचाच! तरी २०२३ ला ३,१०० आणि २०२४ ला ३,०९२. दर तोच, मुद्दल तेच. बँकेने चुकून आठ रुपये कमी लावले का? — एक वाचक, कराड

उत्तर : चूक नाही. तुमच्या कर्जाचा आकडा इतका सोयीचा आहे की सगळा हिशेब तोंडी होतो. ५ लाखांवर ७.३ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३६,५०० रुपये. वर्ष ३६५ दिवसांचं धरलं तर रोजचे बरोबर १०० रुपये. म्हणून २०२३ चा फेब्रुवारी २,८०० आणि मार्च ३,१००. दर मात्र 'वर्षाला' ठरलेला असतो, दिवसाला नाही. २०२४ सालचे दिवस ३६६. तेच ३६,५०० रुपये ३६६ दिवसांत वाटले की रोजचे ९९ रुपये ७३ पैसे होतात. हे सत्तावीस पैसे फक्त २९ फेब्रुवारीला कमी होत नाहीत, त्या वर्षातल्या प्रत्येक दिवसाला कमी होतात. मार्चच्या ३१ दिवसांचे झाले ३,०९१.५३, आणि रुपयात पूर्णांक करताना ३,०९२. फेब्रुवारीत एक दिवस वाढूनही पुरते १०० न वाढता ९२ का वाढले, याचंही उत्तर हेच.

पण तुमच्या शेजाऱ्याच्या उताऱ्यावर मार्च २०२४ ला ३,१०० दिसले, तर त्याची बँकही चुकलेली नसेल. भारतात या दोन्ही पद्धती चालतात. ठेवींच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे लिहूनच ठेवलं आहे. तिमाही पूर्ण होत नसेल तर प्रत्यक्ष दिवसांचं व्याज वर्ष ३६५ दिवसांचं धरून द्यायचं, ही बँकांच्या संघटनेची जुनी रीत. काही बँका लीप वर्षात ३६६ धरतात. बँकेने आपली पद्धत निवडावी, पण ठेव स्वीकारताना ती ग्राहकाला सांगावी आणि शाखेत लावावी. आता तो फलक किती जणांनी वाचलेला असतो, हा वेगळा विषय.

लीप वर्षातही ३६५ नेच भागणाऱ्या बँकेत वर्षअखेर तुमच्याकडून ३६,५०० ऐवजी ३६,६०० घेतले जातील, कारण १०० रुपये रोज, दिवस ३६६. म्हणजे कर्जदाराला एक दिवस जास्तीचा पडतो. ठेवीदाराला त्याच पद्धतीत एका दिवसाचं व्याज जास्त मिळतं. घरात ठेवही असेल आणि कर्जही, तर दोन्हीकडे एकच भाजक लावला आहे का, एवढं जरूर बघा. ठेवीला ३६६ आणि कर्जाला ३६५ असं दिसलं तर कारण विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

तो भाजक ओळखायला बँकेत जावं लागत नाही. हिशेब उलटा करायचा. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, आणि त्याला शंभरपट व्याजाने भागायचं. तुमच्या मार्च २०२४ साठी एक्सेलच्या चौकटीत हे टाका :

```
=500000*7.3*31/(100*3092)
```

उत्तर येतं ३६५.९४. नेमकं ३६६ आलं नाही, कारण ३,०९२ हा पूर्णांक केलेला आकडा आहे. ३६५ चा भाजक असता तर व्याज ३,१०० दिसलं असतं, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. मात्र रक्कम लहान असेल तर ही युक्ती फसते. पंधरा-वीस हजारांच्या कर्जावर दोन पद्धतींतला महिन्याचा फरक पन्नास पैशांच्याही आत राहतो आणि पूर्णांकात तो बहुधा दिसतच नाही. तिथे महिन्याचं न बघता वर्षाचं एकूण व्याज तपासा.

मधेच पैसे भरले असतील तर काय? तिथे बँकेतली जुनी माणसं ज्याला 'प्रॉडक्ट' म्हणतात तो काढायचा. समजा, तुम्ही ११ मार्चला १ लाख भरले असते. व्याज दिवसअखेरच्या शिलकेवर लागतं, म्हणून ११ तारीख नव्या शिलकेत जाते. पहिले १० दिवस ५ लाख, म्हणजे प्रॉडक्ट ५० लाख. पुढचे २१ दिवस ४ लाख, म्हणजे ८४ लाख. बेरीज १ कोटी ३४ लाख. तिला ७.३ ने गुणून ३६,६०० ने भागा :

```
=ROUND(13400000*7.3/36600,0)
```

२,६७३ रुपये. भागाकार ३६,५०० ने केला तर २,६८०. बहुतेक तक्रारी लीप वर्षामुळे नव्हे, तर या दिवस मोजण्यात उद्भवतात. भरणा केलेला दिवस दोन्ही शिलकांत धरला जातो, किंवा महिन्याच्या मध्यात दर बदललेला असतो आणि आपण महिनाभर जुनाच दर लावून बसतो. दर बदलला असेल तर त्या तारखेला प्रॉडक्ट तोडून दोन वेगळे हिशेब करा.

मुदत ठेवीत आणखी एक मेख आहे. ठेव दोन वर्षांत पसरलेली असेल तर काही बँका तिचे तुकडे करतात. १ डिसेंबर २०२३ ला ठेवलेले हेच ५ लाख, हाच दर, ९१ दिवसांनी म्हणजे १ मार्च २०२४ ला मुदत संपली असं धरा. डिसेंबरचे ३१ दिवस शंभराने, ३,१००. पुढचे ६० दिवस ९९.७३ च्या हिशेबाने, ५,९८३.६१. एकूण ९,०८४ रुपये. सरसकट ३६५ धरलं तर ९,१००. मुदत संपण्याचा दिवस मोजायचा नाही, हे विसरू नका. उलट पूर्ण तिमाहीचं व्याज मिळणारी ठेव असेल तर तिथे वर्षाच्या दराचा चौथा हिस्सा मिळतो, ९,१२५ रुपये. तिमाही ९० दिवसांची असो की ९२, आणि वर्ष लीप असो वा नसो.

गृहकर्जाचंही बरंचसं असंच. व्याज मासिक शिलकेवर असेल तर दराचा बारावा हिस्सा लागतो आणि फेब्रुवारीला काही खास होत नाही. दैनिक शिलकेवर असेल तर फेब्रुवारीचं व्याज जानेवारीपेक्षा ठळक कमी दिसेल. हप्ता तोच असल्याने त्या महिन्यात मुद्दलात थोडी जास्त रक्कम जमा होते.

उलट्या हिशेबात भाजक ३६० च्या आसपास आला तर मात्र थांबा. परदेशस्थ भारतीयांच्या परकीय चलनातल्या एफसीएनआर ठेवींवर वर्ष ३६० दिवसांचं धरायचा नियमच आहे, तिथे ते बरोबर. तुमच्या रुपयातल्या कर्जावर मात्र त्याचा अर्थ रोजचे १०१ रुपये ३९ पैसे, म्हणजे साध्या वर्षातही पाच दिवसांचं जादा व्याज, सुमारे ५०७ रुपये. आधी करारपत्रातलं व्याज आकारणीचं कलम वाचा. तिथे ३६० नसेल तर शाखेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्था असेल तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे.