दावा पुराव्याएवढाच

प्रश्न : एमएस्सीसाठी ब्रिटनला जायचे आहे. सरावाच्या इंग्रजी निबंधात मी ‘मोबाइलमुळे झोप कमी होते, हे सर्वेक्षणाने सिद्ध केले’ असे लिहिले. शिक्षकांनी ‘दावा पुराव्यापेक्षा मोठा’ असा शेरा मारला. आता प्रत्येक वाक्यात ‘मे’ घालू का?

उत्तर : नको. आधी पुरावा काय आहे ते पाहा. समजा, सर्वेक्षण एका महाविद्यालयातल्या 60 विद्यार्थ्यांचे आहे आणि झोपेचे तास त्यांनीच सांगितले आहेत. मग ‘प्रूव्ह्ज’ टिकत नाही, तिथे ‘सजेस्ट्स’ हवे. ‘कॉझेस’ही जाईल, कारण झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेणारेही असतात. तिथे ‘इज असोसिएटेड विथ’ लिहा. राहिला कर्ता : ‘विद्यार्थी’ नव्हे, ‘या सर्वेक्षणातले विद्यार्थी’. ही मर्यादा बरेच जण विसरतात आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथे जाते.

वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये ‘नेचर’मध्ये डीएनएची रचना मांडली, तेव्हा पहिल्याच वाक्यात ‘सजेस्ट’ हेच क्रियापद वापरले होते. तेव्हा सावध लिहिले तर आपण कच्चे दिसू, ही भीती मनातून काढून टाका.

मात्र ‘मे पॉसिबली सजेस्ट’ अशी उतरंड रचू नका; एका दाव्याला सहसा एकच सावध शब्द पुरतो. शिवाय तुम्ही स्वतः केलेले आणि मोजलेले ठामपणेच लिहा. 60 जणांना प्रश्नावली दिली, तर ती दिलीच. सावधगिरी त्या आकड्यांतून काढलेल्या अर्थासाठी राखून ठेवा.