अफवेआधीची तासिका

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतली होती. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरचं मूल उचलून नेतात, एवढंच तिच्यात दिसायचं. मुळात ती मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जागृतीची फीत होती. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी छाटून टाकला होता.

खुलासा झाला, पण तोवर भीती मनात बसली होती. म्हणून खोटं पोचण्याआधीच त्याची युक्ती ओळखीची करून द्यायची, याला प्रीबंकिंग म्हणतात. त्यामागचा लसीकरणाचा सिद्धांत विल्यम मॅकग्वायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. रोज दात घासावेत, यासारख्या कुणीच शंका न घेणाऱ्या समजुती त्याने निवडल्या. ज्यांना फक्त समजुतीच्या बाजूचे मुद्दे दिले, त्यांचा विश्वास पुढच्या विरोधी युक्तिवादापुढे लवकर डळमळला. ज्यांना आधी थोडा विरोध आणि लगेच त्याचं खंडन दाखवलं, ते जास्त टिकले.

आष्टीसारख्या गावातल्या शाळेत नववीच्या वर्गावर हे करून पाहता येईल. समजा, वर्गात ४० मुलं आहेत. चिठ्ठ्या टाकून २०-२० चे दोन गट करा. बाकांच्या रांगांवरून गट पाडू नका. मैत्रिणी-मैत्रिणी आणि हुशार मुलं एकत्र बसतात, मग फरक तासिकेचा की गटाचा हे कळत नाही. पहिल्या गटाला अर्धा तास प्रीबंकिंग, दुसऱ्याला तेवढाच वेळ नकाशावाचन.

तासिकेत क्रम मोडू नका. आधी सावध करा: ‘तुम्हाला फसवायला असे संदेश येतील.’ मग सौम्य नमुना, आणि त्याच दमात खंडन. तीन युक्त्या पुरेत. घाई आणि भीतीसाठी स्वतः बनवलेला निरुपद्रवी मजकूर घ्या: ‘उद्या आष्टीचा बाजार बंद! लगेच सगळ्यांना कळवा!’ खोट्या अधिकारासाठी, युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचा जुना संदेश. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नव्हतं. छाटलेल्या दृश्यासाठी कराचीच्या फितीची गोष्ट तोंडी सांगा, फीत दाखवू नका. नंतर मुलांनाच एकेक फसवा संदेश लिहायला लावा. युक्ती स्वतः वापरली की ती नीट कळते. ते कागद मात्र तिथेच गोळा करून फाडा, वर्गाबाहेर एकही जाऊ देऊ नका. जात, धर्म, लस आणि मुलं पळवणं हे विषय या लिखाणात आणि चाचणीत नकोत.

तीन दिवसांनी दोन्ही गटांना आठ नवे संदेश द्या, चार खरे आणि चार खोटे. प्रत्येकावर किती विश्वास वाटतो ते १ ते ७ मध्ये लिहायला सांगा. खरे संदेश यात असलेच पाहिजेत, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. समजा, दुसऱ्या गटाची सरासरी खोट्यांना ३.५ आणि खऱ्यांना ४.३ आली, पहिल्याची २.६ आणि ३.४. पहिल्या गटाने खोट्यावर कमी विश्वास ठेवला म्हणून आनंद होईल. पण खऱ्या-खोट्यातलं अंतर दोन्हीकडे ०.८च आहे. म्हणजे मुलं पारखायला शिकली नाहीत, फक्त सगळ्यावरच संशय घेऊ लागली. पहिल्या गटात खऱ्यांची सरासरी ४.२ राहिली असती, तर अंतर १.६ झालं असतं, आणि तो खरा फायदा.

अंतर वाढलेलं दिसलं तरी तो योगायोग असू शकतो. प्रत्येक मुलाच्या खऱ्यांच्या सरासरीतून खोट्यांची सरासरी वजा करून ती संख्या चिठ्ठीवर लिहा. ४० चिठ्ठ्या मिसळा, २०-२० चे ढीग करा, ढिगांच्या सरासरीतला फरक काढा. असं वीस वेळा करा. मूळ दोन गटांत आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या मिसळण्यातून चार-पाचदा आला, तर तासिकेला श्रेय देऊ नका.

महिन्याने नव्या संदेशांवर पुन्हा चाचणी घ्या, कारण असा परिणाम ओसरतो. उत्तर भारतात प्रीबंकिंगचा खेळ खेळवून पाहिला, तेव्हा फरक आढळला नव्हता. बिहारमध्ये मात्र किशोरवयीन मुलांच्या प्रत्यक्ष वर्गांत माध्यम-साक्षरतेची चार सत्रं घेतली गेली, आणि परिणाम चार महिन्यांनीही दिसला. म्हणून एका तासिकेनंतर फरक दिसला नाही, तर आणखी तीन तासिका घेऊन पुन्हा मोजा. शेवटची चाचणी झाली की नकाशावाचनाच्या गटालाही हीच तासिका द्या, आणि सगळ्यांसमोर प्रत्येक खोट्या संदेशावर मोठ्या अक्षरांत ‘खोटा’ लिहून त्यातली युक्ती सांगा.