हुद्दा आणि हुद्द्याखालचे काम

कारखान्याच्या कार्मिक विभागात सारी नोकरी काढलेल्या माणसाला हुद्द्यांच्या औदार्याचे नवल वाटेनासे होते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावरून उतरलेला सुटा भाग व्हर्निअरने मोजणारा मुलगा ‘क्वालिटी इंजिनिअर’ असतो, आणि कुरकुंभच्या रसायन कारखान्यात नमुन्याचे टायट्रेशन करून आकडे वहीत भरणारा पदवीधर ‘केमिस्ट’ असतो. पगार वाढविण्यापेक्षा हुद्दा वाढविणे व्यवस्थापनाला स्वस्त पडते, लग्नाच्या बोलणीत तो मुलालाही उपयोगी पडतो, सबब तक्रार कोणाचीच नसते. नोकराला ‘ऑफिसर’ म्हटले की तो 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो, असाही कित्येक व्यवस्थापनांचा समज होता. न्यायालयांनी तो कधीच मान्य केला नाही, आणि 1994 साली कॅरोना साहू या पादत्राणांच्या कंपनीतील एका दुकान-व्यवस्थापकाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कर्तव्यांचे स्वरूप निर्णायक होय, हेच तत्त्व पुनश्च सांगितले.

ही जुनी कायदेशीर कैफियत येथे उकरण्याचे कारण इतकेच, की ब्रिटनमध्ये ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर जाऊ पाहणाऱ्या आमच्या दौंड-शिरूरकडच्या मुलांचे अर्ज ज्या खडकावर फुटतात, तो खडक नेमका हाच आहे. कासुर्डीच्या माझ्या भाच्याचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा तो नकाराचा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, पगार तर मर्यादेच्या वर होता की!” पगाराचा आकडा मर्यादेच्या वर होता, हे खरे, परंतु त्या आकड्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नव्हता, आणि नकाराचे मुख्य कारण तर निराळेच होते.

तेथील पद्धत अशी, की परवानाधारक मालक उमेदवाराच्या नावे प्रायोजकत्वाचा एक दाखला काढतो, ज्याला एजंट मंडळी ‘सीओएस’ म्हणतात. त्यात हुद्दा, कामाचा तपशील, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन आणि व्यवसायाचा एक चार आकडी संकेतांक, म्हणजे ‘ऑक्युपेशन कोड’, नमूद असतो. हे संकेतांक ब्रिटनच्या ‘एसओसी 2020’ नामक वर्गीकरणातून घेतले जातात, आणि त्यांतील कोणता व्यवसाय व्हिसास पात्र हे तेथील गृहखाते ठरविते. 22 जुलै 2025 पासून, काही अपवाद वगळता, पदवीच्या पातळीचे व्यवसायच नव्या उमेदवारांना खुले राहिले, आणि सर्वसाधारण किमान वार्षिक वेतन 38,700 पौंडांवरून 41,700 पौंडांवर गेले. खालच्या पातळीची कामे अशा रीतीने दाराबाहेर पडल्यामुळे ती कामे वरच्या पातळीच्या नावाने आत आणण्याचा मोह वाढला, आणि तो मोह ओळखण्याची अधिकाऱ्यांची दृष्टीही तितकीच तीक्ष्ण झाली.

भाच्याच्या दाखल्यावर हुद्दा होता क्वालिटी इंजिनिअर आणि संकेतांक 2481, जो गुणवत्ता-नियंत्रण व नियोजन अभियंत्यांचा आहे. या संकेतांकाखालचा मनुष्य तपासणीच्या पद्धती स्वतः आखतो, दोष का उत्पन्न होतो याचे विश्लेषण करून उत्पादनाची प्रक्रिया बदलवितो, आणि त्या बदलाची जबाबदारी घेतो. परंतु त्याच दाखल्यातील कामाच्या तपशिलात मालकाने लिहिले होते, की हा कर्मचारी मायक्रोमीटर व गेज यांनी तयार भाग तपासील, मापे तक्त्यात नोंदवील, सदोष माल वेगळा काढील आणि पर्यवेक्षकास कळवील. हे वर्णन शब्दशः 8143 या संकेतांकाचे, म्हणजे नित्य तपासणी करणाऱ्यांचे आहे, आणि तो व्यवसाय व्हिसास पात्रच नाही. त्यात भर म्हणून येथील कारखान्याच्या अनुभवपत्रातही प्रामाणिकपणे तेच काम लिहिलेले होते. मालकाने योग्य संकेतांक अपात्र असल्यामुळे, किंवा त्याचा वेतनदर परवडत नसल्यामुळे, कमी योग्य संकेतांक निवडला असे मानण्यास सबळ कारण असेल, तर अर्ज फेटाळण्याची तरतूद नियमांतच आहे. ते काम मालकाला खरोखर हवे आहे काय आणि उमेदवाराचे शिक्षण व अनुभव त्यास साजेसे आहेत काय, हेही त्या निर्णयात पाहिले जाते. अधिकाऱ्याने भाच्यावर अन्याय केला, असे मला म्हणवत नाही.

आता पगाराविषयी. दाखल्यावर 42,000 पौंड होते आणि आठवड्याचे तास 48. किमान वेतनाची एक कसोटी तीनशे पौंडांनी पार पडत होती, पण दुसरी कसोटी प्रत्येक संकेतांकाच्या प्रचलित दराची असते, आणि तो दर आठवड्याच्या 37.5 तासांवर बांधलेला असतो. दोहोंपैकी जो आकडा मोठा, तो गाठावा लागतो. हिशेब समजावा म्हणून एखाद्या संकेतांकाचा दर 40,000 पौंड धरा. 48 तासांसाठी तो 48 भागिले 37.5 या प्रमाणात वाढून 51,200 होतो, आणि 42,000चा प्रस्ताव 9,200 पौंडांनी तोकडा ठरतो. शिवाय हमी दिलेले मूळ वेतनच हिशेबात धरतात. ओव्हरटाइम, बोनस, राहण्याचा भत्ता यांची बेरीज करून मर्यादा गाठता येत नाही. 26 वर्षांखालील उमेदवारास सवलत आहे, तिच्यासाठी प्रचलित दराचे 70 टक्के आणि किमान 33,400 पौंड लागतात. पण ती सवलत वेतनाला आहे, चुकीच्या संकेतांकाला नाही. एजंटांच्या तोंडी ही अट फार क्वचित येते, कारण त्यांचा मोबदला दाखला मिळाल्यावर ठरलेला असतो, व्हिसा मिळाल्यावर नव्हे.

म्हणून माझ्याकडे आता कोणी विचारावयास आले, तर प्रथम दाखल्याची प्रत मागवावयास सांगतो, आणि हुद्द्यावर कागद ठेवून, तो झाकून, केवळ कामाचा तपशील वाचावयास सांगतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पात्र व्यवसायांची यादी त्यांच्या दरांसह आहे, आणि तेथील सांख्यिकी कार्यालयाच्या वर्गीकरणात प्रत्येक संकेतांकाखाली कोणती कामे येतात ते दिलेले आहे. तपशील त्याशी वाक्यागणिक जुळतो काय, हे दहावी झालेला मुलगाही शब्दकोश घेऊन पाहू शकतो. कुरकुंभच्या केमिस्टने तर हे अवश्य करावे, कारण तेथे 2111 हा रसायनशास्त्रज्ञांचा संकेतांक आहे आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचा 3111, आणि आपल्याकडचे बहुतेक केमिस्ट दुसऱ्यात बसतात. तपशील जुळत नसेल तर अर्ज करण्यापूर्वी मालकास लिहून खुलासा मागावा. मालक तपशील फुगवून लिहू लागला, तर तेथेच थांबावे. फुगविलेले वर्णन हेही नकाराचे कारणच आहे, आणि खोट्या कागदांवर अर्ज केल्याचे ठरले तर पुढील अर्जांवर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

नकार आलाच, तर भारतातून अर्ज केलेल्यास प्रशासकीय पुनर्विलोकन मागण्याची मुदत 28 दिवसांची आहे आणि शुल्क 80 पौंड. पण त्यात अधिकाऱ्याची चूक दाखवावी लागते; मालकाची चूक दुरुस्त करून नवे कागद जोडण्याची ती जागा नव्हे, त्यासाठी नवा दाखला व नवा अर्ज लागतो, आणि त्या अर्जात जुना नकार लपवून चालत नाही. आरोग्य-अधिभार, जो तीन वर्षांसाठी 3,105 पौंड होतो, तो परत मिळतो. व्हिसाचे शुल्क आणि एजंटास दिलेले पैसे परत मिळत नाहीत.