कोठार भरलेलं, पण दार बंद

जेवणातली जादा साखर यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते. पोट रिकामं झालं की या साठ्यातून ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट बनतं. फॉस्फेट सुटल्याशिवाय हे ग्लुकोज रक्तात जात नाही. ते सोडवणारं विकर (एन्झाइम) म्हणजे ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज.

काही बाळांत हे विकर जन्मतःच नसतं. मग दूध पिऊन 3-4 तास झाले की रक्तातली साखर घसरते. बाळाला घाम येतो, कधी झटकेही येतात. इकडे साठा अडकून यकृत वाढतं, पोट मोठं दिसतं.

यावर डॉक्टर ठरवून देतील तेवढं कच्चं मक्याचं पीठ (कॉर्नस्टार्च) पाण्यात कालवून देतात. ते हळूहळू पचतं, साखर टिकते. शिजवलं तर पटकन पचतं, उपयोग राहत नाही. म्हणून असं मूल वर्गात असेल तर त्याला मधल्या सुट्टीपर्यंत थांबवू नका. वेळ झाली की खाऊ द्या.