गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतं

प्रश्न : माझ्या जुन्या कारमध्ये दर महिन्याला कूलंट घालावं लागतं. खाली थेंबही दिसत नाही. घाट चढताना तापमानाचा लाल दिवा लागला. काय बिघडलं असेल?

उत्तर : तुमच्या गाडीत झाकण थेट रेडिएटरवर असेल, तर आधी तेच तपासून घ्या. त्यातली स्प्रिंग साधारण 0.9 ते 1.1 बार दाब धरते आणि त्यामुळे कूलंट शंभर अंशांपुढेही उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की घाटात कूलंट लवकर उकळून बाजूच्या टाकीत ढकललं जातं. टाकी भरली की जास्तीचं तिच्या नळीतून बाहेर पडतं. ते चालत्या गाडीतून रस्त्यावर सांडतं, म्हणून पार्किंगमध्ये डाग दिसत नाही.

टाकीची पातळी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर पाहा. प्रवासानंतर ती वर आणि सकाळी पुन्हा खाली आली, तर झाकणाची परतीची झडप ठीक असावी. सकाळीही ती वरच राहिली आणि रेडिएटर मात्र अपुरा भरलेला असला, तर झाकणाची परतीची झडप कूलंट आत ओढू देत नाही. म्हणजे भरलेली टाकी पाहून निर्धास्त राहू नका.

काट्यावरही पूर्ण भिस्त नको. सेन्सरभोवती कूलंट उरलं नाही, तर इंजिन तापूनही काटा खाली येऊ शकतो. लाल दिवा लागताच एसी बंद करून थांबा, गरम झाकण मुळीच उघडू नका.

त्याच दाबाचं नवं झाकण बसवूनही पातळी घटली, तर हेड गॅस्केट तपासा.